सात तारीख, पंधरा तारीख आणि रजेवरचा सहकारी

समजा, पुण्याजवळच्या एखाद्या मध्यम कारखान्यात पगारपत्रक सांभाळणाऱ्या बाई कर्करोगाच्या उपचारांसाठी सहा महिन्यांच्या रजेवर गेल्या. तारखा थांबत नाहीत. पगारातून कापलेला टीडीएस पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत भरायचा असतो, भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआयचा भरणा पंधरापर्यंत. अशा वेळी साहेब सहसा सगळी फाइल विभागातल्या सर्वांत हुशार मुलाच्या टेबलावर ठेवतात. दुसऱ्या महिन्यात त्याची स्वतःची बिलं तुंबू लागतात, तो रात्री आठपर्यंत बसतो आणि चिडचिड मात्र रजेवरच्या बाईंच्या नावाने निघते. त्या बिचाऱ्या केमोच्या खुर्चीत असतात.

वाटणी आधी कागदावर व्हायला हवी. तारखेला बांधलेलं काम एकाकडे सोपवायचं आणि त्याच्याकडून तेवढंच दुसरं काम काढून घ्यायचं. हजेरीच्या दुरुस्त्या त्या-त्या खात्याने कराव्यात. जुन्या नोंदींचा ताळमेळ थांबला तर कुणाचं काही अडत नाही, म्हणून तो थांबवायचा आणि तसं वरिष्ठांनी लेखी कळवायचं. तीन महिन्यांनंतरही भार कायम असेल तर तात्पुरता माणूस घ्यावा लागतो. सहकाऱ्यांच्या चांगुलपणावर सहा महिने निघत नाहीत.

एक बारीक गोष्ट हमखास राहून जाते. सरकारी पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल बाईंचाच असतो. मग पंधरा तारखेला सलाईन लावलेल्या माणसाला फोन जातो, ‘मॅडम, फक्त ओटीपी सांगा.’ रजा सुरू होण्याआधीच तो क्रमांक आणि डिजिटल सहीची जबाबदारी अधिकृतपणे बदलली, तर हा फोन करावाच लागत नाही.

संपर्काच्या बाबतीत नेदरलँड्सची पद्धत पाहण्यासारखी आहे. तिथे 2002 पासून लागू असलेल्या कायद्यानुसार सहाव्या आठवड्यापर्यंत कंपनीच्या डॉक्टरांचं मूल्यमापन होतं, आठव्यापर्यंत मालक आणि कर्मचारी मिळून परतीचा आराखडा करतात आणि साधारण दर सहा आठवड्यांनी त्यावर बोलतात. आजार कोणता, हे मालकाला विचारता येत नाही. काय जमेल आणि काय नाही, एवढंच डॉक्टर सांगतात. आजारपणात दोन वर्षांपर्यंत किमान 70 टक्के पगारही मालकच देतो, त्यामुळे माणूस नीट परत यावा ही त्याचीही गरज असते.

आपल्याकडे ईएसआयखालच्या कामगाराला कर्करोग, क्षय अशा ठरावीक दीर्घ आजारांत दोन वर्षांपर्यंत वेतनाच्या 80 टक्के रक्कम मिळू शकते. पण फोन कुणी, कधी करायचा, हे कार्यालयालाच ठरवावं लागतं. तेव्हा बाईंनाच विचारावं: बातमी कुणाला सांगायची, ग्रुपवर राहायचंय का, पंधरा दिवसांनी फोन चालेल की मेसेज बरा? बोलणारा एकच असावा आणि त्या फोनमध्ये कामाचा प्रश्न नसावा. त्या नको म्हणाल्या तर ठरलेल्या तारखेपर्यंत गप्प राहावं.

परतताना पहिले आठवडे अर्धा दिवस आणि तारखेचं ओझं नसलेलं काम, म्हणजे तो थांबवलेला ताळमेळ. टीडीएस आणि निधीचा भरणा त्यानंतर, एकेक करून, त्या सांगतील तेव्हा.