विश्लेषण : ‘एमएस’चा थकवा आणि पाच दिवसांचा आठवडा, शक्तीचा हिशेब कसा मांडायचा?

सोमवारी जोमाने काम, मंगळवारी त्याहून थोडे जास्त आणि गुरुवारी रजेचा अर्ज. मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे ‘एमएस’ असलेल्या अनेक नोकरदारांचा आठवडा असाच जातो. कामाची वाटणी बदलली, तर हे चक्र बऱ्याच अंशी मोडता येते. या पद्धतीला ‘पेसिंग’ म्हणतात.

हा थकवा वेगळा का?

एमएसमध्ये शरीराचीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतील नसांच्या आवरणावर हल्ला करते. आवरण झिजले की संदेश अडखळत जातात आणि साध्या कामालाही मेंदूला जास्त श्रम पडतात. त्यामुळे पुरेशी झोप होऊनही थकवा येतो. तो बाहेरून दिसत नाही, म्हणून कचेरीत त्याला आळस समजले जाते.

उष्णतेने तो वाढतो. शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी झिजलेल्या नसांतून संदेश जाणे मंदावते. डोळ्यांपुढे धूसर होते, पाय जड पडतात. अंग थंड झाले की त्रास ओसरतो.

आठवड्याचा हिशेब कसा मांडायचा?

शिरूर अनंतपाळच्या एखाद्या सरकारी कार्यालयातील महिला लिपिकाचे काल्पनिक उदाहरण घेऊ. राज्य सरकारच्या कार्यालयांत २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. वेळ सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५.

पहिले दोन आठवडे त्यांनी काहीच बदलायचे नाही, फक्त वहीत नोंद ठेवायची. दर दोन तासांनी काय केले आणि थकवा शून्य ते दहापैकी किती, एवढेच लिहायचे. मग प्रत्येक कामाला त्याच्या थकव्यानुसार गुण द्यायचे. समजा, त्यांचा आठवडा असा निघाला : सोमवार १६, मंगळवार १५, बुधवार ८, गुरुवारी रजा आणि घरात जेमतेम ४, शुक्रवार ९. एकूण ५२.

आता रोज १० गुणांचीच मर्यादा घातली, तर आठवड्याचे ५० होतात. काम जवळपास तेवढेच होते आणि रजा वाचते. हे १० गुण असे वाटता येतील : सकाळची आवराआवर १, येणे-जाणे २, फायलींची तपासणी ३, खिडकीवर लोकांची कामे २, किरकोळ नोंदी १. संध्याकाळसाठी उरतो १. रात्रीच्या स्वयंपाकाला २ लागत असतील, तर भाजी बसून चिरायची आणि भाकरी घरातल्या दुसऱ्या कोणी करायची.

डोके लागणारी तपासणी सकाळी उरकावी, कारण बहुतेकांचा थकवा दुपारनंतर वाढतो. लातूरला बैठक असली आणि मंगळवारी १४ गुण लागणार असले, तर सोमवारी आणि बुधवारी ८-८ वरच थांबावे.

विश्रांती कधी घ्यायची?

दमल्यावर नव्हे, घड्याळ पाहून. पूर्ण गळून गेल्यावर सावरायला तास-दोन तास लागतात; त्याआधी घेतलेली दहा-पंधरा मिनिटे पुरतात. डोळे मिटून स्वस्थ बसायचे. मोबाइल पाहणे ही विश्रांती नाही.

एप्रिल-मेमध्ये मर्यादा दहावरून आठवर आणावी लागू शकते. कूलरजवळची जागा, मानेवर ओला रुमाल, थंड पाण्याचे घोट आणि गरम पाण्याची अंघोळ टाळणे, याचा उपयोग होतो.

मर्यादा चुकली हे कसे ओळखायचे?

दुसऱ्या दिवशी सकाळी. उठताना थकवा कालच्यापेक्षा जास्त असेल, तर आदल्या दिवसाचा आकडा मोठा होता. उलट दोन-तीन आठवडे सगळे सुरळीत गेले, तर एक गुण वाढवून पाहावा. मात्र चालणे-फिरणेच बंद करू नये. त्याने स्नायू दुबळे होतात आणि थकवा आणखी वाढतो. हलका व्यायामही हिशेबात धरावा.

पेसिंगने काय होत नाही?

आजार बरा होत नाही, औषधेही सुटत नाहीत. रक्तक्षय, थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, नैराश्य किंवा रात्री वारंवार लघवीला उठावे लागणे, यांमुळेही थकवा येतो. त्यांची तपासणी आधी करून घ्यावी. ताप किंवा संसर्ग नसताना नवा बधिरपणा, अशक्तपणा किंवा अंधूक दिसणे २४ तासांपेक्षा जास्त टिकले, तर तो साधा थकवा समजू नये. तो आजाराचा नवा झटका असू शकतो. मेंदूविकारतज्ज्ञांना लगेच कळवावे.

कार्यालयाकडे काय मागता येते?

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या यादीत एमएसचा समावेश आहे. कायद्याच्या कलम २० नुसार दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोयी देणे सरकारी आस्थापनांवर बंधनकारक आहे. अर्जात ‘मला थकवा येतो’ एवढेच लिहू नये. वहीतील नोंदी जोडून नेमके मागावे : खिडकीचे काम दुपारऐवजी सकाळी ११.३० ला, दुपारी १५ मिनिटे विश्रांती आणि कूलरजवळ टेबल.