सगळा हिशेब डिशच्या तोंडाशी

छतावरच्या डीटीएच डिशकडे पाहिलं की नजर जाते ती तिच्या वाटोळ्या पत्र्याकडे. पण त्या पत्र्यासमोर, दांड्याच्या टोकाला मुठीएवढी एक डबी बसवलेली असते. डिश बसवणारे तिला एलएनबी म्हणतात. घरातल्या पडद्यावर चित्र स्वच्छ येणार की त्याचे चौकोनी तुकडे पडणार, हे बरंचसं या डबीतल्या पहिल्या ॲम्प्लिफायरवर ठरतं. तो ॲम्प्लिफायर खाली घरात, टीव्हीशेजारी का ठेवत नाहीत, याचं उत्तर उष्णतेत आहे.

कोणत्याही वाहक पदार्थातले इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत इकडेतिकडे धडपडत असतात. बॅटरी जोडलेली नसली तरी साध्या रेझिस्टरच्या दोन टोकांमध्ये त्यामुळे क्षणाक्षणाला बदलणारा सूक्ष्म दाब निर्माण होतो. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन जॉन्सन यांनी तो मोजला आणि त्यांचे सहकारी हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचं गणित मांडलं. दोघांचे लेख 1928 साली प्रसिद्ध झाले. या औष्णिक गोंगाटाची जास्तीत जास्त मिळू शकणारी शक्ती kTB एवढी असते. k हा बोल्ट्झमनचा स्थिरांक, T हे केल्विनमधलं तापमान आणि B म्हणजे आपण ऐकत असलेल्या लहरींच्या पट्ट्याची रुंदी. रेझिस्टर कशाचा बनवलाय किंवा किती ओहमचा आहे, याचा या सूत्राशी संबंध नाही. त्यामुळे गोंगाट किती आहे हे सांगण्यासाठी अभियंते सरळ तापमानच सांगतात. ‘हा ॲम्प्लिफायर 50 केल्विनचा’ म्हणजे तो हाताला थंडगार लागतो असं नव्हे. 50 केल्विनवरचा रेझिस्टर जेवढा गोंगाट करील, तेवढी भर तो स्वतःची घालतो.

नॉइज फिगर म्हणजे हीच गोष्ट दुसऱ्या मापाने सांगणं. 290 केल्विनचा, म्हणजे साधारण खोलीच्या तापमानाचा गोंगाट आत येत असताना सिग्नल आणि गोंगाट यांचं गुणोत्तर ॲम्प्लिफायरमधून जाताना किती पटीने बिघडतं, ते हा आकडा सांगतो. चांगल्या एलएनबीचा आकडा 0.7 डेसिबलच्या आसपास असतो. केल्विनमध्ये ते सुमारे 50 होतात.

एकापुढे एक टप्पे जोडले की काय होतं, हे हॅराल्ड फ्रिस यांनी 1944 साली एका सूत्रात मांडलं. तेही बेल प्रयोगशाळेतलेच. पहिल्या टप्प्याचा गोंगाट पूर्णच्या पूर्ण धरायचा. दुसऱ्याचा गोंगाट पहिल्याच्या वर्धनाने भागायचा आणि तिसऱ्याचा पहिल्या दोघांच्या वर्धनांच्या गुणाकाराने. कारण सरळ आहे. दुसऱ्या टप्प्यापाशी पोचेपर्यंत सिग्नल इतका मोठा झालेला असतो की तिथे मिसळणारा गोंगाट त्याच्यापुढे नगण्य ठरतो. पहिल्या टप्प्यात मिसळलेला गोंगाट मात्र सिग्नलबरोबरच मोठा होत जातो. नंतर तो वेगळा काढता येत नाही.

हे आकड्यांत पाहू. एलएनबी 50 केल्विनची, तिचं वर्धन 55 डेसिबल, म्हणजे तीन लाखांहून थोडं जास्त. छतापासून घरापर्यंतच्या केबलमध्ये सिग्नलची शक्ती एक-चतुर्थांश उरते असं धरू. अशी केबल स्वतः 870 केल्विनचा गोंगाट घालते, कारण जी वस्तू शक्ती शोषते ती आपल्या तापमानानुसार गोंगाट बाहेरही टाकते. सेट-टॉप बॉक्समधला ट्यूनर 10 डेसिबलचा, म्हणजे सुमारे 2,600 केल्विनचा. एलएनबी डिशवर असेल तर केबल आणि ट्यूनर यांचा मिळून वाटा एक केल्विनच्या विसाव्या भागाहूनही कमी पडतो. बेरीज 50 च्या 50.

आता हीच उपकरणं ठेवून फक्त क्रम बदलू: आधी केबल, मग ॲम्प्लिफायर. केबलचे 870 पूर्ण मोजावे लागतात. केबलने सिग्नल चौपट घटवलेला असल्यामुळे ॲम्प्लिफायरचे 50 आता 200 होतात. बेरीज 1,070 केल्विन, वीसपटीहून जास्त. प्रत्यक्षात तर याहूनही वाईट होईल. उपग्रहाच्या 12 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी साध्या केबलमध्ये फारच घटतात. म्हणूनच एलएनबी सिग्नल मोठा करता करता त्याची फ्रीक्वेन्सीही एक-दोन गिगाहर्ट्झपर्यंत खाली आणते.

डिशमध्ये आकाशाचा आणि कडेने डोकावणाऱ्या जमिनीचा मिळून सुमारे 40 केल्विन गोंगाट येतोच. तो धरून एकूण 90 झाले. साठ सेंटिमीटरच्या डिशमध्ये एका ट्रान्सपाँडरचा सिग्नल सुमारे एक पिकोवॅट, म्हणजे वॅटचा एक लाख-कोटीवा भाग, एवढा असतो. 36 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात 90 केल्विनच्या गोंगाटाच्या तो वीसपटीहून थोडा जास्त भरतो. उलट्या क्रमात तो गोंगाटाच्या दुप्पटही राहत नाही. अनेक वाहिन्यांच्या प्रसारणाला साधारण पाच-सहापट तरी लागते.

पावसाळ्यात चित्र अडकतं तेही याच हिशेबात बसतं. जोरदार सरीने सिग्नल निम्मा केला, तर पाण्याचे तेच थेंब आपला उष्ण गोंगाटही डिशमध्ये टाकतात आणि एकूण बेरीज 90 वरून दोनशेच्या पुढे जाते. सिग्नल निम्मा, गोंगाट दुपटीहून जास्त. वीसपटीचं गुणोत्तर जेमतेम पाचवर येतं. घरात बूस्टर लावून इथे उपयोग नाही, कारण तो दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढवील.

बिघाड शोधतानाही हा क्रम उपयोगी पडतो. एलएनबीच्या तोंडावरच्या प्लॅस्टिकच्या झाकणावर पाण्याचा थर साचून दहा टक्के शक्ती गेली, तर सुमारे 30 केल्विनची भर पडते. तेवढीच शक्ती खालच्या केबलमध्ये गेली तर पडद्यावर फरक जाणवत नाही. सुटी एलएनबी तपासायची तर ती आधी जमिनीकडे आणि मग निरभ्र आकाशाकडे रोखून बाहेर पडणाऱ्या गोंगाटाची शक्ती मोजतात. जमीन 290 केल्विनची, माथ्यावरचं कोरडं आकाश सुमारे 10 केल्विनचं. एलएनबी 50 ची असेल तर दोन मोजमापांचं गुणोत्तर 340 भागिले 60, म्हणजे साडेपाचाच्या वर येतं. ते दोनच्या आसपास आलं, तर ती दोनशेच्या पुढे गेली आहे आणि बदलायला हवी.

पहिला टप्पा शांत असून भागत नाही, त्याचं वर्धनही पुरेसं लागतं. वर आपल्या उदाहरणात ते फक्त दहापट असतं, तर केबल आणि ट्यूनर मिळून अकराशेहून जास्त केल्विन जोडले गेले असते.

आणि पहिल्या टप्प्याच्याही आधी आकाश असतं. जुन्नर तालुक्यात खोडद इथे जीएमआरटीच्या 45 मीटर व्यासाच्या तीस डिश आहेत. तिथेही पहिले ॲम्प्लिफायर डिशच्या नाभीशी बसवले आहेत; मध्यवर्ती इमारतीकडे सिग्नल ऑप्टिकल फायबरने जातो, तो त्यानंतर. 1,420 मेगाहर्ट्झवर थंड आकाश जेमतेम काही केल्विनचं असतं, म्हणून तिथे ॲम्प्लिफायरचा एकेक केल्विन महत्त्वाचा. 150 मेगाहर्ट्झवर मात्र आकाशगंगेचाच गोंगाट काहीशे केल्विन भरतो. तिथे ॲम्प्लिफायरमधले दहा-वीस केल्विन कमी करण्यासाठी खर्च केला, तरी पदरात फारसं काही पडत नाही.