हर्स्टच्या चिंचोळीतून पश्चिमेकडे

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हर्स्ट किल्ला आणि वाइट बेट यांच्यामधली सामुद्रधुनी अवघी मैलभर रुंद आहे. उधाणाच्या दिवशी तिथे पाणी चार नॉटहून अधिक वेगाने धावते. पाच नॉटने चालणारी शिडाची होडी त्याविरुद्ध जेमतेम एक नॉट सरकते, तर प्रवाहाबरोबर नऊ.

प्रवाहाच्या नकाशासंचात दर तासाचे एक पान असते. मधले पान पोर्ट्समथच्या पूर्ण भरतीचे. त्याआधीची सहा, नंतरची सहा. पूर्ण भरती दुपारी १२ला असेल, तर मधले पान साडेअकरा ते साडेबारा लागू पडते. पानांवर पेन्सिलीने आधीच वेळा लिहून ठेवाव्यात. उन्हाळ्यात तक्त्यातल्या वेळेत एक तास मिळवायचा असतो. हमखास चूक होते ती इथेच.

बाण दिशा दाखवतो. त्याजवळचे ‘२०,४०’ म्हणजे भांगाला २ नॉट, उधाणाला ४. पोर्ट्समथला भरती-ओहोटीतला फरक उधाणाला सरासरी ३.९ मीटर, भांगाला १.९. त्या दिवशी तो २.९ असेल, तर प्रवाह ३ नॉट धरावा.

हर्स्टपाशी प्रवाह साधारण ११ला पश्चिमेकडे वळतो. म्हणजे पूर्ण भरतीच्या तासभर आधीच! भरपूर वेग हवा असेल, तर दोननंतर निघणे सोयीचे. पण वारा नैर्ऋत्येचा असेल, तर प्रवाह त्याला भिडून नीडल्स खडकांजवळ उभ्या, फुटणाऱ्या लाटा उठतात. त्या नकाशात दिसत नाहीत. अशा दिवशी प्रवाह वळताच, तो मंद असतानाच पार व्हावे.