व्होल्टेज शून्य, तरी धक्का सगळ्यात मोठा

३३/११ केव्हीचे एक उपकेंद्र. ११ केव्हीच्या फीडरवरचे दुरुस्तीचे काम संपले, परमिट परत आले, आणि यंत्रचालकाने फीडर चार्ज केला. ब्रेकर लागला तसा लगेच ट्रिप झाला. उपकेंद्राबाहेरच्या पहिल्याच खांबावर, तिन्ही तारा एकत्र जोडून जमिनीला बांधलेले अर्थिंग काढायचे राहून गेले होते. कोणाला इजा झाली नाही. संध्याकाळी रिलेमधून काढलेली नोंद माझ्यापुढे आली, तेव्हा सोबतचा तरुण अभियंता म्हणाला, "सर, गणितानं फॉल्ट ५.३ किलोअँपचा येतो. शिखर धरलं तरी साडेसात. मग इथे साडेतेरा कसे दिसतात?"

नोंद खरी होती आणि त्याचे गणितही खरे होते. दोन्हींमधला फरक पडला तो ब्रेकरचे संपर्क नेमक्या कोणत्या क्षणी जुळले त्यामुळे.

आकडे थोडे गोल करून घेऊ. ११ केव्हीच्या एका फेजचा दाब सुमारे ६,३५० व्होल्ट. फॉल्ट झाला की प्रवाहाला अडवणारे फारसे काही उरत नाही. जे उरते ते मुख्यतः ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्यांचे. त्यांचा रोध, R, ०.०८५ ओहम, आणि ५० हर्ट्झला त्यांच्या इंडक्टन्सचा अडथळा, म्हणजे रिअॅक्टन्स, १.२ ओहम. दोन्ही मिळून अडथळा सुमारे १.२ ओहमच भरतो, म्हणून प्रवाह ५.२८ किलोअँप आरएमएस आणि लाटेचे शिखर त्याच्या १.४१४ पट, ७.४७ किलोअँप. ही झाली सगळे स्थिरावल्यानंतरची अवस्था: वर-खाली सारखीच जाणारी साइन लाट, व्होल्टेजच्या सुमारे ८६ अंश मागून चालणारी.

पण प्रवाहाला आधी तिथवर पोचायचे असते, आणि गुंडाळीतला प्रवाह उडी मारत नाही. ब्रेकर लागण्याआधी तो शून्य होता, तेव्हा लागल्याच्या क्षणीही तो शून्यच असणार.

पुढे काय होते ते पाण्याच्या टाकीवरून चांगले कळते. रोध क्षणभर बाजूला ठेवला, तर गुंडाळीतला प्रवाह म्हणजे आजवर लागलेल्या व्होल्टेजची साठवण. व्होल्टेज धन असेपर्यंत टाकी भरत राहते, ऋण झाले की उपसली जाते. आता ब्रेकर नेमका व्होल्टेज शून्यातून वर चढत असताना लागला असे समजा. पुढचे पूर्ण १० मिलिसेकंद व्होल्टेज धनच आहे, म्हणजे टाकी १० मिलिसेकंद सतत भरते. नंतरचे १० मिलिसेकंद उपसा होतो आणि टाकी जेमतेम रिकामी होते. प्रवाह शून्याच्या खाली जातच नाही. शून्यापासून नेहमीच्या शिखराच्या दुप्पट उंचीपर्यंत जातो आणि परत येतो. तोच ब्रेकर व्होल्टेज शिखरावर असताना लागला असता, तर भरायला फक्त ५ मिलिसेकंद मिळाले असते, मग १० मिलिसेकंद उपसा, मग १० भरणे. लाट पहिल्यापासून शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखी झुलली असती.

पुष्कळांची समजूत नेमकी उलटी असते. व्होल्टेज शून्य असताना बटण दाबले तर धक्का कमी, असे मनाला वाटते. रोधाच्या बाबतीत, म्हणजे साध्या हीटरच्या बाबतीत, ते खरेही आहे. गुंडाळीच्या बाबतीत मात्र शून्याचा क्षण सगळ्यात वाईट आणि शिखराचा क्षण सगळ्यात चांगला.

हे सगळे एका ओळीत लिहिता येते:

i = (Vm/Z)·[ sin(ωt + α − φ) − sin(α − φ)·e^(−Rt/L) ]

Vm हे व्होल्टेजचे शिखर, Z हा एकूण अडथळा, α म्हणजे ब्रेकर लागताना व्होल्टेज आपल्या फेऱ्यात कुठे होते तो कोन, आणि φ म्हणजे प्रवाहाचे मागे राहणे, आपल्या उदाहरणात ८६ अंश. कंसातला पहिला भाग स्थिर लाट. ती पहिल्या क्षणापासूनच हजर असते, हळूहळू तयार होत नाही. दुसरा भाग डीसी ऑफसेट. लागण्याच्या क्षणी स्थिर लाटेची जी किंमत असायला हवी होती, बरोबर तितकाच, पण उलट चिन्हाचा प्रवाह. म्हणून दोघांची बेरीज त्या क्षणी शून्य येते. हा भाग झुलत नाही, नुसता ओसरतो. α आणि φ सारखे असतील तर तो नसतोच. त्यांच्यात ९० अंशांचा फरक असेल तर तो सगळ्यात मोठा. φ स्वतःच ९० अंशांच्या जवळ असल्यामुळे सगळ्यात वाईट क्षण व्होल्टेजच्या शून्याजवळ येतो.

ओसरणे होते ते रोधामुळे. आपल्या टाकीला एक बारीक गळती आहे, तीच R. ऑफसेट किती वेगाने जाईल ते L/R ठरवते. इथे ते ४५ मिलिसेकंद आहे: दर ४५ मिलिसेकंदांनी ऑफसेट आधीच्या ३७ टक्क्यांवर येतो. १३५ मिलिसेकंदांनंतर ५ टक्केच उरतो, आणि ब्रेकर कुठल्या क्षणी लागला होता याची खूण प्रवाहात जवळजवळ राहत नाही.

आता ती नोंद पुन्हा पाहू. आर फेजचे संपर्क व्होल्टेज जवळपास शून्य असताना जुळले होते. ऑफसेटची सुरुवात ७.४५ किलोअँपपासून. १० मिलिसेकंदांनी पहिले शिखर येते, तेव्हा ऑफसेटचा ८० टक्के भाग शिल्लक असतो. ७.४७ ची एक पट आणि वर आणखी ०.८ पट, म्हणजे १३.४ किलोअँप. तरुण अभियंत्याचे साडेतेरा ते हेच. त्यानंतर वरची शिखरे ११.३, ९.९, ९.० अशी उतरत जातात, आणि खालची शिखरे उलट २.७, ४.४, ५.५ अशी वाढत जातात. एका बाजूची शिखरे घटताहेत आणि दुसरीकडची वाढताहेत, ही ऑफसेटची पक्की ओळख. वरच्या शिखरांमधून एक रेघ ओढा, खालच्यांमधून दुसरी. दोन्हींची उंची कुठेही सारख्या अंतराची, सुमारे १५ किलोअँपची येते. त्या अंतराचा निम्मा भाग म्हणजे खरा एसी फॉल्ट प्रवाह, आणि दोन रेघांच्या मधोमध धावणारी रेघ म्हणजे ऑफसेट. मधली रेघ २० मिलिसेकंदांत ६४ टक्क्यांवर आली, की काळ ४५ मिलिसेकंदांचा आहे हे तिथेच कळते. फॉल्टचा रोध आणि रिअॅक्टन्स यांचे प्रमाणही त्यातून हाती लागते, वेगळी मोजणी न करता.

दुसरी खूण शून्यांच्या अंतरात आहे. निरोगी लाट दर १० मिलिसेकंदांनी शून्यातून जाते. या नोंदीत मात्र खालची पहिली कमान साडेपाच मिलिसेकंदांची होती आणि तिच्या पाठची वरची कमान साडेतेरांची. ब्रेकरला हे महत्त्वाचे, कारण प्रवाह शून्यातून जातानाच त्याला ठिणगी विझवता येते. लांब कमानीत अडकलेला ब्रेकर जास्त वेळ आणि जास्त ऊर्जेची ठिणगी सोसतो.

एक सावधगिरी इथे सांगायलाच हवी. रिले प्रवाह थेट पाहत नाही, सीटीमधून पाहतो. ओसरणारा एकदिश प्रवाह सीटीच्या लोखंडात चुंबकत्व एकाच बाजूला साठवत जातो. पूर्ण ऑफसेट न चुकता दाखवायचा, तर साध्या एसीसाठी लागते त्याच्या जवळपास १५ पट क्षमतेचा गाभा लागेल. हा आकडा रिअॅक्टन्स आणि रोध यांचे प्रमाण, इथे १४, अधिक एक असा येतो. गाभा तेवढा नसला तर लाटेची शिखरे कापल्यासारखी, मध्येच कोसळलेली दिसतात. अशी नोंद हातात आली तर तिच्यावरून फॉल्टचा आकडा काढू नये.

मग ब्रेकर शिखरावरच का लावत नाहीत? काही ठिकाणी लावतातच. ४०० केव्हीच्या उपकेंद्रांत शंट रिअॅक्टर असतात. त्यांचा रोध इतका कमी, की ऑफसेट ओसरायला बराच वेळ लागतो. तिथे प्रत्येक फेजचा खांब वेगळा लावणारे नियंत्रक बसवतात आणि प्रत्येक खांब त्या-त्या फेजच्या व्होल्टेजच्या शिखराजवळ जुळेल अशी वेळ साधतात. ११ केव्हीच्या ब्रेकरचे तिन्ही खांब मात्र एकाच दांड्याने एकदम लागतात, आणि तीन फेजची व्होल्टेज एकमेकांपासून १२० अंशांवर असतात. एका फेजला ऑफसेट शून्य करणारा क्षण गाठलात, तर उरलेल्या दोन्हींना तो ८७ टक्के मिळतो. कोणताही क्षण निवडा, तिघांपैकी एकाला तरी ८७ टक्के किंवा त्याहून जास्त ऑफसेट मिळतोच. आमच्या नोंदीत आर फेजला साडेसात वर, तर वाय आणि बी फेजना ३.३ आणि ४.२ किलोअँप खाली होते. तिघांची बेरीज शून्य.

इन्सुलेशन तुटून झालेले फॉल्ट बहुतेकदा सौम्य निघतात, कारण इन्सुलेशन तुटते ते दाब शिखराजवळ असताना. विसरलेल्या अर्थिंगवर ब्रेकर लावणे हा मात्र वेगळा प्रकार, तिथे क्षण माणसाच्या बोटावर आणि योगायोगावर असतो. बसबारवरचे बल प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे १.८ पट प्रवाहाला सव्वातीन पट बल, आणि ते ब्रेकर लागत असतानाच, संपर्क नीट बसायच्या आत. म्हणून ब्रेकरला तोडण्याची क्षमता वेगळी आणि लावण्याची वेगळी द्यावी लागते. आंतरराष्ट्रीय प्रमाणात ४५ मिलिसेकंदांचा काळ आणि ५० हर्ट्झ धरून लावण्याचे शिखर तोडण्याच्या आरएमएस प्रवाहाच्या २.५ पट ठेवले आहे. आमच्या नोंदीतले १३.४ भागिले ५.२८ केले तर २.५४ येतात. मोठ्या जनित्राजवळ हा काळ ४५ पेक्षा बराच जास्त असतो; तिथे २.५ पुरत नाही आणि ब्रेकर वेगळ्या हिशेबाने निवडावा लागतो.

कधी उपकेंद्रात गेलात तर ब्रेकरच्या पाटीवर नजर टाका. तोडण्याची क्षमता २५ किलोअँप, लावण्याची ६२.५ किलोअँप, असे दोन आकडे शेजारी लिहिलेले असतील. दुसरा आकडा, व्होल्टेज शून्य असताना कोणी चुकून फॉल्टवर ब्रेकर लावला तर काय होईल, त्या एका क्षणासाठी आहे.