'रेट पडला' म्हणतो, पण दिरहॅमच कमी येतात

कारंजा (घाडगे) तालुक्यातला एक वेल्डर दुबईजवळच्या लेबर कॅम्पात राहतो असं धरू. माणूस काल्पनिक आहे, पण त्याच्या हिशेबातला पैशाचा प्रवास खरा आहे. पगार 1,800 दिरहॅम. दर महिन्याला 1,300 घरी यायचे. त्यातून संत्र्याच्या बागेचं ठिबक, मुलीची फी आणि सोसायटीचं कर्ज भागत होतं. यंदा आधी 900 आले, मग 700. फोनवर आईला तो म्हणाला, "रेट पडला न माय." आईला पटलं. बायकोला वाटलं, तिकडे दुसरं घर तर केलं नाही ना? दोघींनाही खरं कारण सुचलं नाही.

आधी हा रेटचाच गैरसमज घेऊ. दिरहॅम 1997 पासून डॉलरला बांधलेला आहे. एका डॉलरला 3.6725 दिरहॅम, हा दर आजही तोच आहे. त्यामुळे रुपया घसरला की दिरहॅमचे रुपये वाढतात. डॉलर 83 रुपये असताना दिरहॅम साधारण साडेबावीस रुपयांना पडत होता, डॉलर 88 झाला तेव्हा तो 24 च्या जवळ गेला. म्हणजे 1,300 दिरहॅम पूर्वी सुमारे 29,400 रुपये देत होते, आता 31,000 च्या वर द्यायला हवेत. प्रत्यक्षात पासबुकात 16,800 जमा दिसतात. ही घट दराने झालेली नाही, पाठवलेलेच दिरहॅम कमी आहेत. एक्स्चेंजच्या पावतीवर दिरहॅमचा आकडा आणि त्या दिवसाचा दर दोन्ही छापलेले असतात. घरच्यांनी रुपयांच्या आधी दिरहॅमचा आकडा पाहावा.

मग ते 600 दिरहॅम गेले कुठे? खोलीतल्या एका सोबत्याने मोबाइलवर क्रिकेटच्या बेटिंगची लिंक दिली होती. पहिल्याच आठवड्यात 150 जिंकले. इथे दुसरा गैरसमज रुजतो: खेळ समजला, जपून खेळलं तर जमतं. बुकीचा भाव मात्र आधीच कापलेला असतो. दोन्ही बाजूंची शक्यता अगदी सारखी असली तरी 100 लावून जिंकल्यावर 200 मिळत नाहीत, उदाहरणार्थ 190 मिळतात. सरासरी काढली तर प्रत्येक 100 मागे 5 जातात. पाच टक्के फार वाटत नाहीत. पण माणूस 600 एकदाच लावून थांबत नाही. जिंकलेलं पुन्हा लावतो, हरलेलं भरून काढायला अजून लावतो. तेच पैसे दहा वेळा फिरले की उलाढाल 6,000 ची होते आणि सरासरी तोटा 300 चा. अर्धी रक्कम गेली, आणि त्याला मात्र आठवतात त्या जिंकलेल्या रात्री.

हे सगळं प्रामाणिक भाव गृहीत धरून सांगितलं. अ‍ॅपच बनावट असेल तर हिशेब करायलाही जागा उरत नाही. 2023 मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात 58 कोटी रुपये गमावल्याची तक्रार पोलिसांत दिली. सुरुवातीला त्याच्या हाती थोडा पैसा पडला होता, आणि तोच विश्वासाला पुरला. वेल्डरच्या 150 दिरहॅमनेही तेच काम केलं.

पुढचा टप्पा घरच्यांना दिसत नाही. पगाराआधी उचल, खोलीतल्या दोघांकडून उसने, मग "कंपनीने ओव्हरटाइम कापला" असं सांगणं. अमिरातीत बहुतेक कंपन्यांचा पगार वेतन संरक्षण व्यवस्थेतून खात्यावर येतो, त्याची नोंद राहते. पगार वेळेवर जमा होतो आणि तरी महिनाभर उसनं लागतं, ही मोठी खूण आहे. सामन्याच्या रात्री फोन न उचलणं, पैसे पाठवायची तारीख सारखी पुढे ढकलणं, ही दुसरी.

"एकदा कर्ज फेडून दिलं की सुटेल," असं म्हणून घरचे गाय विकतात किंवा काहीतरी गहाण ठेवतात. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणात जुगाराचा विकार मानसिक आजारांत मोडतो, नुसतं कर्ज फिटल्याने तो जात नाही. कर्ज एकदम फिटलं की उसनं देणारे पुन्हा मोकळे होतात आणि खेळ पुन्हा सुरू होतो. त्यापेक्षा पगार आल्या दिवशीच ठरलेले दिरहॅम थेट घरी वळते करणं, फोनमधल्या अ‍ॅपला जोडलेलं खातं तोडणं आणि उसनवारी बायकोशी बोलून टप्प्याटप्प्याने फेडणं जास्त उपयोगी पडतं. टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर भारतातून कुटुंबीयही बोलू शकतात.

कायद्याची भीतीही बऱ्याच जणांना गप्प बसवते. भारतात ऑगस्ट 2025 मध्ये मंजूर झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात शिक्षा आहे ती पैशांचा खेळ चालवणाऱ्याला, त्याची जाहिरात करणाऱ्याला आणि त्यासाठी पैशांचे व्यवहार पुरवणाऱ्याला. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. अमिरातीत मात्र विनापरवाना जुगार हा गुन्हा आहे, म्हणून तिथल्या माणसाने कॅम्पात गवगवा करण्याआधी घरी सांगितलेलं बरं.

या गोष्टीतल्या बायकोने भांडण केलं नाही. तिने मागच्या सहा महिन्यांच्या एक्स्चेंजच्या पावत्या मागवल्या आणि मुलीच्या वहीवर दिरहॅमचे आकडे एकाखाली एक लिहून फोनवर त्याला वाचून दाखवले. चौथ्या ओळीला फोनच्या त्या टोकाला बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "माय झोपली का? तिला आत्ताच नको सांगू."