आदेश पाडायचा कुठून?

विधी महाविद्यालयात प्रशासकीय कायद्याच्या पेपरात एक प्रश्न हमखास असतो. एक गोष्ट सांगितलेली असते, शेवटी ‘सल्ला द्या’ एवढेच म्हटलेले असते, आणि अर्धा वर्ग तिथे घसरतो. कायदा पाठ नसतो असे नाही. उलट नैसर्गिक न्यायावर हीच मुले चार पाने लिहून देतात. पण समोरच्या गोष्टीतल्या माणसाला त्या चार पानांचा उपयोग काय, हे त्यात कुठेच सापडत नाही.

अशीच एक गोष्ट घेऊ. ती अर्थातच रचलेली आहे, तिच्यातला कायदाही रचलेला आहे. सोपान एका तालुक्याच्या गावी एसटी स्टँडजवळ खाणावळ चालवतो. अकरा वर्षे परवान्याचे नूतनीकरण होत आले आहे. कायद्याच्या कलम 9 प्रमाणे परवान्याच्या अटीचा भंग झाला तर नगरपरिषदेचे मुख्याधिकारी परवाना 30 दिवसांपर्यंत निलंबित करू शकतात. आणि लेखी ताकीद दिल्यावरही तोच भंग पुन्हा झाला तर परवाना रद्द करू शकतात. कलम 14 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते. सुनावणीबद्दल कायदा काहीच बोलत नाही. 4 जूनला स्वच्छता निरीक्षक येऊन जातो. 6 जूनला नगराध्यक्ष मुख्याधिकाऱ्यांना पत्र लिहितात की रस्ता रुंद करायचा आहे, स्टँडसमोरची खाणावळ हलली पाहिजे. 7 जूनला सोपानच्या हातात कागद पडतो: ‘मा. नगराध्यक्षांच्या पत्रानुसार आपला परवाना कायमचा रद्द करण्यात येत आहे.’ समोरचे हॉटेल मुख्याधिकाऱ्यांच्या मेहुण्याचे आहे. सोपान उच्च न्यायालयात जातो, तेव्हा मुख्याधिकारी प्रतिज्ञापत्रात सांगतात की स्वयंपाकघर अतिशय घाण होते. सोपानची आई आजारी आहे, आणि घर याच धंद्यावर चालते.

पहिले काम म्हणजे मुद्दे हुडकणे. परीक्षक प्रश्नात वाक्ये उगाच घालत नाही, म्हणून प्रत्येक तपशिलाला एकच गोष्ट विचारायची: तू कुठल्या आक्षेपाच्या कामाचा? आदेशाचा मजकूर अवतरणचिन्हांत जसाच्या तसा दिला असेल तर समजावे की घबाड तिथेच आहे. इथे ‘पत्रानुसार’ हा शब्द एका आक्षेपाचा, ‘कायमचा’ दुसऱ्याचा, आणि कागदावर जे नाही, म्हणजे कारण, ते तिसऱ्याचे. तारखांकडेही नीट पाहायचे. 4 ते 7 जून या तीन दिवसांत नोटीस नाही, खुलासा मागवलेला नाही, लेखी ताकीद नाही. जे घडले नाही ते दिसणे हीच यातली खरी हातोटी. आईचे आजारपण मात्र कुठल्याच आक्षेपाला लागत नाही. ते सोडून द्यायचे. अकरा वर्षांचे नूतनीकरण हा चकवा आहे. ‘वाजवी अपेक्षा’ हे तत्त्व आठवून मुले त्यावर पानभर लिहितात. पण आजवर नूतनीकरण होत आले म्हणून अटी मोडल्या तरी परवाना राहील, असे वचन कोणी दिलेले नाही. फार तर इतक्या वर्षांत एकदाही ताकीद मिळाली नाही, हे दाखवायला तो आकडा वापरावा.

आता क्रम, आणि माझ्या मते निम्मे गुण इथेच ठरतात. गोष्ट ज्या क्रमाने सांगितली त्याच क्रमाने आक्षेप लिहिणे हा सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत वाईट मार्ग. दुसरा मोह म्हणजे सर्वांत ठळक आक्षेपाने सुरुवात करणे. सोपानला ऐकून घेतले नाही हे कोणालाही दिसते, म्हणून बहुतेक उत्तरे तिथूनच सुरू होतात. पण नुसत्या सुनावणीच्या मुद्द्यावर आदेश पडला तर पुढे काय होईल, याचा विचार करा. मुख्याधिकारी नोटीस काढतील, सोपानचे दोन शब्द ऐकतील, आणि महिन्याभरात तोच आदेश नीट टाइप करून परत पाठवतील. हाच आदेश ‘असा अधिकारच नव्हता’ म्हणून पडला, तर त्याच तथ्यांवर तो पुन्हा काढता येत नाही. तेव्हा जो आक्षेप आदेशाला मुळापासून उखडतो तो आधी, ज्यावर आदेश दुरुस्त होऊन परत येऊ शकतो तो नंतर, आणि ज्यात न्यायालयाला अधिकाऱ्याच्या निवडीतच हात घालावा लागतो तो सर्वांत शेवटी. अधिकार, मग पद्धत, मग निर्णयाचा वाजवीपणा, हा क्रम याच हिशोबाने बसलेला आहे.

त्याआधी दारावरचा अडथळा ओलांडावा लागतो. कलम 14 खाली अपिलाची सोय असताना सोपान थेट अनुच्छेद 226 खाली रिट याचिका घेऊन कसा आला? व्हर्लपूल खटल्यात (1998) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नैसर्गिक न्यायाचा भंग असेल, मूलभूत हक्क राबवायचा असेल, आदेश पूर्णपणे अधिकाराबाहेरचा असेल किंवा कायद्याच्याच वैधतेला आव्हान असेल, तर पर्यायी उपाय आड येत नाही. म्हणजे अधिकार आणि सुनावणी हे दोन आक्षेप दुहेरी काम करतात: दार उघडतात आणि आत गेल्यावर आदेशही पाडतात. हे ज्याच्या लक्षात आले तो हा परिच्छेद पाच ओळींत आटोपतो. नगरपरिषद ‘राज्य’ आहे का, सोपानला दाद मागता येते का, यांवर वाद नाही. एक वाक्य पुरे.

मग पहिला आक्षेप. परवाना रद्द करण्याचा अधिकार कलम 9 ने बिनशर्त दिलेला नाही. आधी लेखी ताकीद आणि नंतर तोच भंग पुन्हा, या दोन्ही गोष्टी घडल्यावरच तो जन्माला येतो. इथे दोन्ही नाहीत. त्याला लागूनच हेतूचा मुद्दा येतो: खाद्यगृहांची स्वच्छता राखायला केलेला कायदा रस्ता रुंद करायला वापरता येत नाही. इथे ‘दुष्ट हेतू’ म्हणून आरडाओरडा करायची गरज नाही. तो आरोप सिद्ध करण्याचा भार फार जड असतो. परका हेतू तर पत्रातच लिहिलेला आहे, मनात डोकावायला नको.

दुसरा आक्षेप हुकमाखाली वागल्याचा, आणि त्यासाठी मुंबईचाच एक जुना निकाल आहे. गोरधनदास भानजी यांना अंधेरीत सिनेमागृह बांधायचे होते. 1947 मध्ये पोलीस आयुक्तांनी आधी परवानगी दिली आणि काही महिन्यांतच, सरकारच्या निर्देशावरून ती रद्द केल्याचे पत्र पाठवले. 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की नियमांनी अधिकार आयुक्तांना दिला आहे, तो त्यांनी स्वतःच्या बुद्धीने वापरायचा. दुसऱ्याचा निर्णय नुसता पोचवणे म्हणजे अधिकार वापरणे नव्हे. आयुक्तांच्या पत्रात ‘सरकार’ होते, इथे ‘नगराध्यक्ष’ आहेत.

आता खाचखळग्याची जागा. निर्णय मुख्याधिकाऱ्यांचा नव्हताच असे म्हटल्यावर, त्यांचा मेहुणा समोर हॉटेल चालवतो म्हणून ते पक्षपाती होते असे कसे म्हणणार? चांगले उत्तर हा विरोध लपवत नाही. निर्णय त्यांचा नसेल तर हुकमाखाली दिलेला म्हणून तो अवैध. आणि तो आपलाच असे ते म्हणत असतील, तर पक्षपाताच्या शक्यतेमुळे अवैध, असे पर्यायाने मांडायचे. क्रम उलटा केला तर हे वाक्य जुळतच नाही. पक्षपात प्रत्यक्ष झाला हे दाखवावे लागत नाही. क्रायपाक खटल्यात (1969) वनसेवेच्या निवड मंडळावर एक उमेदवारच बसला होता. स्वतःच्या नावाच्या वेळी तो उठून गेला, तरी प्रतिस्पर्ध्यांच्या नावांवर चर्चा होताना हजर होता, आणि तेवढ्यावर निवड रद्द झाली.

सुनावणीचा आक्षेप इथे येतो. दोन उत्तरपत्रिकांत फरक कुठे पडतो ते पाहा. एक लिहिते: ‘नैसर्गिक न्याय हा कायद्याच्या राज्याचा आत्मा असून दुसरी बाजू ऐकणे हे त्याचे मूलभूत तत्त्व आहे, सबब आदेश अवैध आहे.’ दुसरी लिहिते: ‘कायदा सुनावणीबद्दल गप्प आहे, पण परवाना कायमचा गेला की उपजीविका जाते, म्हणून सुनावणीची अट त्यात वाचावी लागेल. नगरपरिषद म्हणेल की लोकांच्या आरोग्यापुढे वेळ नव्हता. पण तातडीसाठी कलम 9 ने 30 दिवसांचे निलंबन दिले होते. ते न वापरता थेट परवाना रद्द केला, म्हणून घाईची सबब टिकत नाही.’ पहिल्या परिच्छेदातून सोपानला काढून कोणालाही बसवा, काही बिघडत नाही. दुसऱ्यातून त्याला हलवता येत नाही. शिवाय दुसऱ्याने समोरचा युक्तिवाद स्वतःच उभा केला आणि कायद्याच्याच कलमाने खोडला. उत्तर तपासताना मी हेच शोधत असतो.

कारणांचा मुद्दा लागलीच त्यामागे. आदेशात घाणीचा उल्लेख नाही, प्रतिज्ञापत्रात आहे. मोहिंदरसिंग गिल खटल्यात (1978) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच तोलायचा. मागाहून प्रतिज्ञापत्राने त्याला नवी कारणे जोडता येत नाहीत. गंमत म्हणजे त्यासाठी आधार घेतला तो भानजी निकालाचाच. एक निकाल दोन आक्षेपांना पुरतो, आणि हे दाखवून देणारा विद्यार्थी दहा निकालांची नुसती नावे टाकणाऱ्याच्या पुढे जातो.

शिक्षा जास्त झाली, हा आक्षेप शेवटी आणि दोनच ओळींत. निलंबनाचा सौम्य मार्ग असताना कायमची बंदी का, एवढे विचारायचे. वरचे आक्षेप टिकले तर याची वेळच येत नाही, आणि कलम 14, 19, 21 सगळ्यांचा भंग झाला असे एका दमात लिहून टाकल्याने तो बळकटही होत नाही.

उरतो दिलासा. आदेश रद्द करून मागायचा, आणि याचिका चालू असताना खाणावळ उघडी राहावी म्हणून अंतरिम स्थगितीही मागायची. ही दुसरी मागणी मुले हटकून विसरतात. पण सल्ला विचारला आहे तेव्हा वाईट बातमीही द्यायची. स्वयंपाकघर खरोखरच घाण असेल, तर याचिका जिंकल्यावरही मुख्याधिकारी, किंवा मेहुण्याचे नाते आड येते म्हणून त्यांच्या जागी दुसरा सक्षम अधिकारी, नोटीस देऊन, सोपानचे ऐकून, कारणे लिहून परवाना 30 दिवस निलंबित करू शकतो. लेखी ताकीदही देऊ शकतो, आणि ती एकदा फायलीत लागली की पुढच्या भंगाच्या वेळी कलम 9 मधला रद्द करण्याचा अधिकार जागा होतो.