जोडणी, अंतर्गत व डावी

जोडणी, अंतर्गत व डावी : संगणकीय माहितीसंचातील दोन कोष्टके एखाद्या समान स्तंभाच्या आधारे एकत्र वाचण्याच्या दोन रीती. या समान स्तंभास किल्ली म्हणतात. अंतर्गत जोडणीत (इनर जॉइन) दोन्ही कोष्टकांत किल्ली जुळणाऱ्या ओळीच उरतात. डाव्या जोडणीत (लेफ्ट जॉइन) प्रथम लिहिलेल्या कोष्टकाची प्रत्येक ओळ टिकते व जोड न मिळाल्यास दुसऱ्या कोष्टकाचे रकाने रिक्त राहतात. डाव्या जोडणीची ही लेखनपद्धती एसक्यूएल भाषेच्या 1992 च्या प्रमाणात समाविष्ट झाली.

अंतर्गत जोडणीत न जुळलेली ओळ कोणतीही सूचना न देता गळते. सातारा जिल्ह्यातून 1949 मध्ये वेगळा झालेला जिल्हा प्रथम ‘दक्षिण सातारा’ या नावाने ओळखला जाई; 1960 मध्ये त्याचे नाव सांगली झाले. समजा, ‘nondi’ या कोष्टकात पाच नोंदी आहेत : 1951 च्या सातारा व दक्षिण सातारा यांच्या, 1961 च्या सातारा व सांगली यांच्या आणि जिल्ह्याचा रकाना कोरा असलेली एक. ‘jilhe’ या कोष्टकात मात्र आजची नावेच आहेत. अंतर्गत जोडणीने तीनच ओळी येतात. अहवालात सांगलीची 1951 ची नोंद दिसत नाही आणि त्या वर्षी तेथे काही नोंदलेच गेले नाही, असा वाचकाचा समज होतो. कोरी नोंद गळण्याचे कारण निराळे आहे : रिक्त मूल्य कशाशीही, दुसऱ्या रिक्त मूल्याशीही, समान मानले जात नाही.

डावी जोडणी पाचही ओळी राखते. तिच्याच आधारे न जुळलेल्या ओळी वेगळ्या काढता येतात :

```sql
SELECT n.*
FROM nondi n
LEFT JOIN jilhe d ON n.jilha = d.nav
WHERE d.nav IS NULL;
```

येथे दोन ओळी मिळतात. जोडणीपूर्वीची व नंतरची ओळसंख्या ताडून पाहणे ही आणखी सोपी कसोटी होय. मात्र उजव्या कोष्टकात एकच किल्ली दोनदा आली असल्यास ओळी वाढतात व गळती झाकली जाते.

डाव्या जोडणीतही एक दोष सहज शिरतो. शेवटी `WHERE d.vibhag = 'पुणे'` अशी अट घातल्यास रिक्त रकान्याच्या ओळी ती पूर्ण करीत नाहीत व पुन्हा गळतात. जिल्ह्याची माहिती पुणे विभागापुरतीच जोडावयाची, पण सर्व नोंदी राखावयाच्या असल्यास ही अट `ON` या भागात लिहावी लागते.

डावी जोडणी उणीव दाखविते, ती भरून काढीत नाही. दक्षिण साताऱ्यासाठी जुन्या व नव्या नावांचे संगतिकोष्टक करावे लागते. कोऱ्या नोंदीचा जिल्हा मूळ कागदावरूनच ठरविता येतो. तोवर ती ‘जिल्हा अज्ञात’ या शीर्षाखाली बेरजेत दाखविणे योग्य ठरते.